घरात केमो चालू आहे, मग बाळाचा डोस द्यायचा का?

मागच्या महिन्यात एका ताईंनी आम्हाला विहाराच्या पायरीवर थांबवलं. कडेवर पाच आठवड्यांची मुलगी होती. त्या म्हणाल्या, "सासूबाईंची केमो चालू आहे. पुढच्या आठवड्यात बाळाचा दीड महिन्याचा डोस आहे. शेजारच्या काकू म्हणतात, डोस दिलेल्या पोराच्या अंगातून जंतू बाहेर पडतात, ते आजीला लागतील. सासूबाई म्हणतात, माझ्यामुळे पोरीचा डोस चुकवू नका. आता मी कोणाचं ऐकू?"

प्रश्न खरा आहे आणि तो एकट्या ताईंचा नाही. शेजारच्या काकूंचं म्हणणं सगळं खोटं नाही, सगळं खरंही नाही. एका ठिकाणी त्यांचं बरोबर आहे, बाकी ठिकाणी चूक आहे. ते एक ठिकाण कोणतं हे कळलं, तर आजीही सुरक्षित राहते आणि बाळाची एकही लस चुकत नाही. म्हणून या वेळी आम्ही हेच घर समोर ठेवून सगळं सांगतो.

घर आपल्या ओळखीचंच आहे. दहा बाय बाराची खोली, आत मोरी, संडास सार्वजनिक. आजी छप्पन वर्षांच्या, स्तनाचा कॅन्सर, दर एकवीस दिवसांनी केमोची सलाईन. आजोबांना साखर. मुलगा रिक्षा चालवतो. चार वर्षांचा नातू बालवाडीत जातो. आणि ही पाच आठवड्यांची नात.

केमोमुळे नेमकं काय होतं

केमोचं औषध अंगात वेगानं वाढणाऱ्या पेशी मारतं. कॅन्सरच्या पेशी तशा असतातच, पण आपल्या हाडांच्या मगजात तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशीही वेगानं वाढणाऱ्या असतात. जंतूंशी लढणारं सैन्य म्हणजे याच पांढऱ्या पेशी. सलाईन लागल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत त्या सगळ्यात कमी झालेल्या असतात. मग हळूहळू भरून येतात, आणि पुढच्या केमोच्या आधी रक्त तपासून त्या पुरेशा झाल्यात का ते डॉक्टर बघतात. म्हणजे एकवीस दिवसांच्या फेऱ्यात मधला आठवडा सगळ्यात नाजूक, आणि शेवटचे तीन-चार दिवस त्यातल्या त्यात बळाचे. हा हिशोब लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

लसी दोन जातीच्या

काही लसींमध्ये रोगाचा जंतू जिवंत असतो, पण त्याला अशक्त केलेलं असतं. धडधाकट माणसाच्या अंगात तो थोडा वाढतो, शरीर त्याला ओळखून ठेवतं आणि संपवून टाकतं. बीसीजी, तोंडातून देतात ते पोलिओचे थेंब, रोटाव्हायरसचा डोस, गोवर-रुबेलाची लस आणि कांजण्यांची लस या जिवंत जातीच्या.

दुसऱ्या जातीत जंतू मेलेला असतो किंवा त्याचा एखादा तुकडाच असतो. तो वाढू शकत नाही, म्हणून त्यानं तो रोग होऊच शकत नाही. धनुर्वात, पेंटाव्हॅलंट, न्यूमोनियाची लस, कावीळ बी, पोलिओचं इंजेक्शन, फ्लूचं इंजेक्शन आणि कुत्रा चावल्यावरची लस या सगळ्या या जातीच्या.

इथे एक गैरसमज होतो. थेंब म्हणजे जिवंत आणि सुई म्हणजे मेलेली, असं पुष्कळ जण धरून चालतात. तसं नाही. बीसीजी आणि गोवर-रुबेला सुईनंच देतात, तरी त्या जिवंत आहेत. म्हणून सुई की थेंब हे बघू नका, लसीचं नाव विचारा.

आजींना काय चालतं, काय नाही

केमो चालू असताना आजींना जिवंत जातीची कोणतीही लस द्यायची नाही. लढणारं सैन्यच कमी असल्यानं अशक्त जंतूसुद्धा त्यांच्या अंगात आवरेनासा होऊ शकतो. केमो संपल्यावरही निदान तीन महिने थांबावं लागतं. रिटुक्सिमॅबसारखं औषध चालू असेल तर निदान सहा महिने, कारण त्याचा परिणाम उशिरापर्यंत राहतो.

मेलेल्या जातीची लस त्यांना धोक्याची नाही. अडचण वेगळी आहे. सैन्य कमी असताना लस दिली, तर शिकायला कोणी हजर नसतं, म्हणून लस कमी लागू पडते. यासाठी वेळ निवडावी लागते. सगळ्यात चांगलं म्हणजे कॅन्सरचं निदान झाल्यावर, पहिली केमो लागण्याच्या निदान दोन आठवडे आधी लस घेणं. पण लस घेण्यासाठी केमो पुढे ढकलायची नाही. केमो सुरू झालीच असेल, तर दोन फेऱ्यांच्या मधली वेळ धरायची.

आपल्या आजींचं उदाहरण घेऊ. त्यांची तिसरी केमो ३ जूनला झाली, चौथी २४ जूनला आहे. पावसाळ्यात फ्लू वाढतो, म्हणून डॉक्टरांनी फ्लूचं इंजेक्शन घ्यायला सांगितलं. ३ जून हा पहिला दिवस धरला, तर ९ ते १६ जून हे सगळ्यात नाजूक दिवस. तेव्हा सुई नको. २० जूनला रक्त तपासलं, पांढऱ्या पेशी वर आलेल्या दिसल्या, प्लेटलेटही ठीक होत्या. दोन दिवसांनी, २२ जूनला, दंडावर इंजेक्शन घेतलं. प्लेटलेट बघायचं कारण असं की त्या फार कमी असतील तर सुईच्या जागी आत रक्त साकळतं. तशा वेळी डॉक्टर थांबायला सांगतात, किंवा बारीक सुई वापरून ती जागा काही मिनिटं न चोळता नुसती दाबून धरायला लावतात.

आणखी एक. फ्लूची लस नाकात फवारायचीही असते. ती जिवंत जातीची आहे. आजींना इंजेक्शनच हवं.

एवढं करूनही लस आजींना अर्धीमुर्धीच लागू पडली असेल, असं धरून चालायचं. म्हणून खरं संरक्षण त्यांच्या दंडावर नाही, घरातल्या बाकीच्यांच्या दंडावर आहे. रिक्षावर दिवसभर माणसं बसवणारा मुलगा, बालवाडीतला नातू, साखर असलेले आजोबा आणि सून यांनी फ्लूचं इंजेक्शन घेतलं, तर फ्लू त्या खोलीत शिरण्याची वाटच अरुंद होते. बाळाला सहा महिन्यांच्या आत ही लस देत नाहीत. खाजगीत या लसीला पैसे पडतात, आणि पाच जणांचे एकदम परवडत नाहीत हे आम्हाला ठाऊक आहे. मधुमेही आणि गरोदर बायकांसाठी काही सरकारी केंद्रांत ती फुकट मिळते, तेव्हा आधी तिथे विचारा. निवड करावीच लागली, तर जो सगळ्यात जास्त बाहेर फिरतो आणि जो आजींच्या सगळ्यात जवळ असतो, त्यांना आधी द्या.

नातीचा दीड महिन्याचा डोस

आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. सरकारी केंद्रात दीड महिन्याला बाळाला पाच गोष्टी मिळतात: पेंटाव्हॅलंट, न्यूमोनियाची लस, पोलिओचं छोटं इंजेक्शन, रोटाव्हायरसचा तोंडावाटे डोस आणि पोलिओचे थेंब.

पहिल्या तिन्ही मेलेल्या जातीच्या. त्यातून काही बाहेर पडत नाही. त्या द्यायच्याच, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

रोटाव्हायरसची लस जिवंत आहे आणि काही दिवस बाळाच्या शीतून ती बाहेर पडते. तरीही ती द्यायची, कारण लस न घेतलेल्या बाळाला खऱ्या रोटाव्हायरसचे जुलाब लागले, तर त्याच खोलीत आजीला त्याचा कितीतरी जास्त धोका. फक्त डोसानंतर चार आठवडे आजींनी बाळाची शी धुवायची नाही, लंगोट धुवायचे नाहीत.

पोलिओच्या थेंबांच्या बाबतीत मात्र काकूंच्या बोलण्यात तथ्य आहे. थेंबांतला अशक्त जंतू बाळाच्या आतड्यात वाढतो आणि चार ते सहा आठवडे शीतून बाहेर पडत राहतो. चांगल्या माणसाला त्यानं काही होत नाही, उलट वस्तीत तो पसरला तर इतर पोरांनाही थोडं संरक्षण मिळतं. आपल्या देशातून पोलिओ गेला तो याच थेंबांच्या जोरावर. पण सैन्य कमी असलेल्या माणसाला हा जंतू क्वचित त्रास देऊ शकतो. हा धोका किती, तर दहा लाखांच्या हिशोबात मोजावा लागेल एवढा लहान, आणि त्यातले बरेचसे जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेले असतात. आजींसारख्या मोठ्या माणसाला तो आणखी कमी. तरीही दुसरा सुरक्षित उपाय हाताशी असताना तो पत्करायचा कशाला, म्हणून घरात केमोचा पेशंट असेल तर बाळाला थेंबांऐवजी पोलिओचं इंजेक्शन द्यावं असा डॉक्टरी सल्ला आहे.

हे घडवून कसं आणायचं? डोसाच्या दिवशी रांगेत सिस्टरच्या हातात ड्रॉपर आल्यावर सांगून उपयोग नाही. आधी एक-दोन दिवस आशाताईंना किंवा सिस्टरला सांगा की घरात केमोचा पेशंट आहे, आणि कॅन्सरच्या डॉक्टरांकडून तशी दोन ओळींची चिठ्ठी आणा. ती केंद्राच्या मेडिकल ऑफिसरला दाखवा. सरकारी वेळापत्रकात पोलिओचं छोटं इंजेक्शन दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना, दंडावर कातडीत देतात. ते तीन तर घ्यायचेच. थेंब वगळल्यावर तेवढं पुरेल की पोलिओचं पूर्ण मात्रेचं इंजेक्शन वेगळं घ्यायचं, हे डॉक्टरांनी ठरवायचं. पूर्ण मात्रेचं इंजेक्शन खाजगी बालरोगतज्ज्ञाकडे मिळतं. जे ठरेल ते बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर लिहून घ्या. नाहीतर पुढच्या वेळी नवी सिस्टर "थेंब राहिलेत" म्हणून ते देऊन टाकेल, आणि तिची त्यात चूक नसेल.

ताईंनी विचारलं, "पण जन्मल्या दिवशी दवाखान्यात थेंब दिलेच होते, मग?" तेव्हा आजींची पहिली केमो होऊन आठवडा झाला होता. आता पाच आठवडे उलटले, आजींना काही झालं नाही, तो जंतूही जवळजवळ निघून गेला असणार. झालेल्या डोसाची धास्ती घ्यायची नाही.

आणि समजा चिठ्ठी मिळाली नाही, इंजेक्शन परवडलं नाही, थेंब देऊन झाले, तर? तर बाळाला दुसऱ्या घरी पाठवायचं नाही, आजीला बाहेर काढायचं नाही. सहा आठवडे पुढच्या गोष्टी सांभाळायच्या. शी-शूची सगळी कामं आजी सोडून दुसऱ्यानं करायची. प्रत्येक वेळी साबण आणि वाहत्या पाण्यानं हात धुवायचे. सॅनिटायझरवर भरवसा नको, पोलिओचा विषाणू त्यानं नीट मरत नाही. लंगोट आजींच्या कपड्यांबरोबर भिजवायचे नाहीत. लंगोट धुतल्यावर मोरी ब्लीचिंग पावडरनं धुवायची, आणि आजींची भांडी त्या पाण्याजवळ ठेवायची नाहीत. मात्र एक हिशोब करून बघा. थेंब दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना असतात. प्रत्येक डोसाला सहा आठवडे धरले, तर बाळाच्या सहाव्या आठवड्यापासून विसाव्या आठवड्यापर्यंत, म्हणजे सलग चौदा आठवडे हे पाळावं लागेल. एका मोरीच्या घरात ते किती अवघड आहे हे आपण जाणतो. म्हणूनच चिठ्ठीसाठी घातलेली एक फेरी वाया जात नाही.

बाळाच्या डाव्या दंडावर बीसीजीचा फोड आला आहे, त्याचीही आजींना भीती वाटत होती. बीसीजी जिवंत आहे, पण ती खोकल्यातून किंवा श्वासातून पसरत नाही. लस दिलेल्या बाळापासून घरात टीबी होत नाही. फोडातून पाणी येत असेल तर त्याला आजींनी हात लावायचा नाही, एवढंच. बाळाला मांडीवर घ्यावं, झोपवावं, गाणं म्हणावं. फक्त अंघोळ घालणं आणि लंगोट बदलणं सध्या सुनेकडे राहू द्या.

नातवाची राहिलेली लस

चार वर्षांच्या नातवाचं कार्ड बघितलं, तर गोवर-रुबेलाचा पहिला डोस झालेला, दुसरा राहिलेला. तेव्हा गावी गेलो होतो, मग विसरलो. आता आजींची केमो चालू असताना जिवंत लस द्यावी का?

हो, द्यावी, आणि लगेच द्यावी. गोवर-रुबेलाच्या लसीतला जंतू घेतलेल्या मुलाकडून घरातल्या दुसऱ्या माणसाला लागत नाही. ती न देण्यातच धोका आहे. खरा गोवर हवेतून पसरतो आणि एकदा खोलीत आला की बहुतेक ज्यांना संरक्षण नाही त्या सगळ्यांना गाठतो. 2022 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवराची साथ आली आणि लहान मुलं दगावली, हे आपण विसरलेलो नाही. त्यात लस राहिलेली मुलं बरीच होती. केमोच्या पेशंटला गोवर झाला तर पुरळ न येताच तो थेट फुफ्फुसात उतरू शकतो, म्हणजे ओळखायलाही उशीर. दुसरा डोस सरकारी केंद्रात पाच वर्षांपर्यंत फुकट देतात, नातवाला अजून वेळ आहे.

पल्स पोलिओच्या रविवारी मात्र नातवाच्या बाबतीत तोच थेंबांचा प्रश्न येतो. बूथवर किंवा दारावर येणाऱ्या ताईंना सांगा की घरात केमोचा पेशंट आहे, आणि मेडिकल ऑफिसरची चिठ्ठी दाखवा. भांडू नका, बोटावर खूण नसेल तर त्या पुन्हा येतील, ते त्यांचं काम आहे. वस्तीतल्या बाकीच्या पोरांनी थेंब घेतले म्हणून आजींनी घरात कोंडून घेण्याची गरज नाही. हात धुणं आणि सार्वजनिक संडासातून आल्यावर साबण, एवढं पुरे.

कांजण्यांची लस सरकारी यादीत नाही. घरातल्या मुलांनी खाजगीत घेतली तर चालतं. घेतल्यावर अंगावर पुरळ उठलं, तर ते सुकेपर्यंत त्या मुलानं आजींपासून लांब राहायचं.

सुईचा ताप आणि दुसरा ताप

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण लसीमुळे नव्हे तर लसीचं निमित्त धरल्यामुळे इथे जीव जातो.

आजींनी २२ जूनला फ्लूचं इंजेक्शन घेतलं. रात्री दंड दुखला, अंग थोडं कणकणलं, दुसऱ्या दिवशी बरं वाटलं. २४ ला केमो झाली. ३ जुलैला दुपारी अंग तापलं. घरचे म्हणाले, "सुईचा ताप असेल." तापाची गोळी दिली, ताप उतरला. रात्री थंडी वाजून हुडहुडी भरली.

आता हिशोब घाला. सुईचा ताप आला तर बहुतेक एक-दोन दिवसांत येतो आणि जातो. ३ जुलै म्हणजे सुईनंतर अकरा दिवस. तो सुईचा ताप असूच शकत नाही. पण २४ जून हा पहिला दिवस धरला, तर ३ जुलै हा केमोचा दहावा दिवस. म्हणजे पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असण्याचे दिवस. अशा वेळचा ताप म्हणजे रक्तात जंतू शिरल्याची शक्यता, आणि काही तासांत तो जिवावर बेततो. शिरेतून अँटिबायोटिक जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं. तापाची गोळी इथे घात करते: ताप उतरल्यासारखा वाटतो, आत जंतू वाढत राहतात.

म्हणून नियम सरळ आहे. घरात थर्मामीटर ठेवा. केमो चालू असलेल्या माणसाचा ताप १००.४ किंवा त्याहून जास्त भरला, किंवा हुडहुडी भरली, तर आधी गोळी नाही, सरळ दवाखाना. रात्र असो, रविवार असो. लस कालच घेतली असली तरीही. सुईचा ताप निघाला तर फेरी वाया गेली म्हणायचं, बाकी काही नाही. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य हे असावं: "हिची केमो चालू आहे, शेवटची अमुक तारखेला झाली, आणि ताप आला आहे." हे ऐकल्यावर रांगेत बसवू नये, एवढं तिथल्या माणसाला कळतं. बसवलं तर पुन्हा सांगा.

आजी पहाटे दवाखान्यात पोचल्या, पाच दिवसांनी घरी आल्या. दुपारीच निघाल्या असत्या तर रात्रीची हुडहुडी टळली असती.

अचानक आलेला प्रसंग

शेजारच्या खोलीत कांजण्या किंवा गोवर आला, आणि आजी तिथे जाऊन बसल्या होत्या, तर अंगावर काही दिसेपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी कॅन्सरच्या दवाखान्यात कळवा. अशा वेळी आजींना लस देत नाहीत, तयार प्रतिकारद्रव्याचं इंजेक्शन किंवा विषाणूवरचं औषध देतात. गोवराच्या बाबतीत ते सहा दिवसांच्या आत द्यावं लागतं, कांजण्यांत जितक्या लवकर तितकं चांगलं. कडुलिंबाचा पाला टांगून वाट बघण्यात हेच दिवस निघून जातात.

कुत्रा चावला किंवा नख लागलं, तर केमो चालू आहे म्हणून लस थांबवायची नाही. ती मेलेल्या जातीची आहे. पंधरा मिनिटं साबण-पाण्यानं जखम धुवा, लगेच जा आणि केमोचं सांगा. कारण अशा माणसाला साध्या ओरखड्यावरही लसीबरोबर जखमेत भरायचं प्रतिकारद्रव्य द्यावं लागतं, आणि लसीचे सगळे डोस पुरे करावे लागतात. न सांगितलं, तर नुसती सुई देऊन परत पाठवतील.

पेशंट लहान मूल असेल तर

ब्लड कॅन्सरच्या मुलांचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. मधल्या काळात मूल गोळ्यांवर असतं, खेळतं, शाळेत जातं, बरं दिसतं. त्यालाही या सगळ्या काळात जिवंत लस चालत नाही. धोका असा की शाळेत मोहीम येते, जशी 2018 च्या शेवटी महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची आली होती, आणि रांगेत त्यालाही सुई दिली जाते. म्हणून वर्गशिक्षकांना आणि आशाताईंना लेखी कळवून ठेवा. त्याच्या भावंडांना मात्र गोवर-रुबेला द्या, पोलिओचं इंजेक्शन द्या. उपचार संपल्यावर राहिलेल्या लसी कधी आणि कोणत्या द्यायच्या, हे त्याच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. काही लसी पुन्हा घ्याव्या लागतात.

शेवटी एक कागद करा. त्यावर आजाराचं नाव, शेवटच्या केमोची तारीख, पुढच्या केमोची तारीख, दवाखान्याचा फोन आणि एक ओळ: "जिवंत लस देऊ नये, घरातल्या बाळाला पोलिओचे थेंब देण्याआधी विचारावे." तो बाळाच्या कार्डाबरोबर एकाच पिशवीत ठेवा. त्या ताईंनी तसाच कागद केला आहे. दीड महिन्याचा डोस ठरल्या दिवशी झाला. थेंब सोडून सगळं दिलं, आणि परत येताना नात आजीच्याच मांडीवर झोपली होती.